हायब्रीड आणि जीएम: एकाच पाकिटावरचे दोन वेगळे प्रश्न

"नमस्कार ताई. कपाशीचं बी बघायला दुकानात गेलो होतो. एका पाकिटाला दुकानदार हायब्रीड म्हणाला, तेच पाकीट दुसऱ्या गिऱ्हाइकाला बीटी म्हणून दिलं, आणि तिथंच उभा असलेला एक जण म्हणाला हे सगळं जीएम आहे, घेऊ नका. शेजारी म्हणतात दोन्ही एकच, नावं वेगळी. घरात मागच्या हंगामातल्या चांगल्या झाडांची सरकी वेगळी काढून ठेवलीय पण लोक म्हणतात ती उगवणारच नाही. टोमॅटोचं हायब्रीड पण लावायचंय, मग ते पण जीएमच का? नक्की फरक काय आणि दुकानात मी विचारू काय?"

दादा, नमस्कार. दुकानदार दोन्ही वेळा खरंच बोलला, फक्त अर्धं अर्धं. हायब्रीड हे उत्तर आहे "या बियाचे आईबाप कोण" या प्रश्नाचं. जीएम हे उत्तर आहे "यात बाहेरून एखादा जीन घातलाय का" या प्रश्नाचं. दोन्ही प्रश्न वेगळे, त्यामुळे एखादं बी नुसतं हायब्रीड असू शकतं, एखादं नुसतं जीएम असू शकतं, एखादं दोन्ही असतं आणि एखादं दोन्हीपैकी काहीच नसतं. तुम्ही हातात घेतलेलं कपाशीचं पाकीट बहुतेक करून दोन्ही होतं, बीटी हायब्रीड, कारण बीटी हा जीएमचाच एक प्रकार. आणि शेजाऱ्यांचा जो गोंधळ झालाय ना तो यातूनच झालाय, कारण भारतात बीटी कपाशी २००२ ला आली ती हायब्रीडच्याच रूपात आली, म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून बसले ते बसलेच.

आता आधी हायब्रीड म्हणजे काय ते बघू, कारण हे जुनं आहे आणि यात लॅबमधला कुठलाच जीन नाही. कपाशीत दोन वाण घेतात, दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या स्वतःवरच फळवून एकदम शुद्ध केलेले, म्हणजे त्यातलं एक झाड बघितलं की सगळी बघितली. एकाच्या ओळी मादी म्हणून लावायच्या, दुसऱ्याच्या नर म्हणून. संध्याकाळच्या वेळी बाया मादी ओळींतून फिरतात, उद्या उमलणारी कळी ओळखतात (ती आदल्या दिवशीच फुगून वर आलेली असते), अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांसकट पुंकेसराची नळी काढून टाकतात, आतला स्त्रीकेसर तेवढा शाबूत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाची ताजी फुलं आणून त्याचे पराग त्या स्त्रीकेसरावर घासायचे आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. एकेका फुलाला एवढं करायचं, रोज, महिना-दोन महिने. दोरा असलेली बोंडं तेवढी वेगळी वेचायची, बाकी हायब्रीड नाहीत. हायब्रीड बी महाग का असतं त्याचं मोठं कारण ही मजुरी आहे, आणि जगातलं पहिलं धंद्यात उतरलेलं कपाशीचं हायब्रीड, एच-४, याच हातकामावर उभं राहिलं, १९७० साली, सुरतच्या संशोधन केंद्रातून, सी. टी. पटेल यांनी काढलेलं. बीटी यायच्या बत्तीस वर्षं आधी बरं का.

प्रत्येक पिकाची तऱ्हा वेगळी असते. मक्यात वर तुरा आणि खाली कणीस असल्यामुळे मादी ओळींचे तुरे उपटले की काम झालं. बाजरी-ज्वारीत फुलं इतकी बारीक की हातानं जमणारच नाही, म्हणून तिथं परागच न बनवणारी मादी ओळ वापरतात. पण तत्त्व सगळीकडे तेच, दोन शुद्ध आईबाप आणि त्यांची पहिली पिढी. तिला एफ-१ म्हणतात, पाकिटावर बघा, बहुतेक छापलेलं असतं. या पहिल्या पिढीत दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे जोम, झाड दोन्ही आईबापांपेक्षा दांडगं निघतं. दुसरं म्हणजे सगळं शेत एकसारखं, कारण प्रत्येक झाडाला आईकडून तोच संच आणि बापाकडून तोच संच आलेला असतो.

हे एकसारखेपण लक्षात ठेवा, तुमच्या सरकीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

बीटीकडे येऊ. जमिनीत एक जिवाणू असतो, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, त्याचंच लहान नाव बीटी. तो एक प्रोटीन बनवतो जे ठरावीक अळ्यांच्या पोटात गेलं की आतड्याच्या आतल्या बाजूला चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं, अळी खायचं थांबवते आणि मरते. या जिवाणूची पावडर करून फवारायची पद्धत बीटी बियाण्याच्या कितीतरी आधीपासून आहे, सेंद्रियवाले सुद्धा फवारतात. जीएम मध्ये केलं काय, तर ते प्रोटीन बनवायची जी सूचना आहे, म्हणजे जीन, तोच कपाशीच्या पेशीत घातला, आता झाड स्वतःच ते प्रोटीन बनवतं.

आणि इथं एक गोष्ट आहे जी दुकानात कोणी सांगत नाही, आणि मला वाटतं ती कळली की निम्मा गोंधळ संपतो. जीन घालायचं लॅबचं काम दर पाकिटाला किंवा दर वाणाला होत नाही. ते मोजक्याच वेळा झालं, आणि आपल्याकडं आलेला पहिला बीटी जीन घातला गेला तो अमेरिकेतल्या कोकर-३१२ नावाच्या एका कपाशीत. हा वाण का, तर टिश्यू कल्चरमध्ये एका पेशीपासून पूर्ण झाड उभं करणं याच्यात सोपं जातं म्हणून, बाकी आपल्या शेतात त्याचा काही उपयोग नाही. मग तो जीन आपल्या कामाच्या वाणात आणायचा कसा, तर अगदी साध्या क्रॉसिंगनं. कोकरचा आपल्या वाणाशी संकर करायचा, आलेल्या झाडांतली जीन असलेली निवडायची, ती परत आपल्याच वाणाशी संकरायची, परत निवडायची, असं पाच-सहा पिढ्या. शेवटी जे उरतं ते जवळपास पूर्ण आपला जुना वाण असतो आणि त्यात तो एक पाहुणा जीन. मग हा जीनवाला वाण एक पालक म्हणून घेतात, दुसरा पालक साधा, आणि वर सांगितलेलं नख-दोऱ्याचं काम करून हायब्रीड बनवतात. तुमच्या पाकिटाचा इतिहास हा असा आहे, जीएमचं काम कधीतरी एकदा आणि हायब्रीडचं काम दर वर्षी नव्यानं.

त्यामुळे दोन बीटी हायब्रीडमध्ये उत्पादनाचा, बोंडाच्या आकाराचा, कालावधीचा जो फरक दिसतो तो बीटीचा नसतोच, तो हायब्रीडचा असतो. बीटी त्या दोन्हीत तोच. दुकानदार म्हणाला "हे बीटी जास्त पिकतं" तर ते वाक्य जरा तपासून घ्या. बीटी बोंडअळीनं होणारं नुकसान वाचवतं, पिकवायचं काम हायब्रीडचं, जमिनीचं आणि पाण्याचं. तुमच्या जमिनीला, तुमच्या पाण्याला कुठलं हायब्रीड बसतं हा निर्णय बीटी शब्द ऐकला म्हणून सोपा होत नाही, तो वेगळाच घ्यावा लागतो. हलकी जमीन आणि पावसाचं पाणी असेल तर लांब मुदतीचं दांडगं हायब्रीड घेऊन शेवटी बोंडं भरायच्या वेळेला ओल संपते, आणि मग दोष बीटीला जातो.

दुसरी तक्रार नेहमीची, "बीटी लावली तरी फवारण्या थांबल्या नाहीत". त्या थांबायच्याच नव्हत्या! बीटी प्रोटीन फक्त अळ्यांवर चालतं, आणि अळ्यांमध्येही ठरावीकच. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही रस शोषणारी मंडळी, त्यांच्यावर याचा काहीच परिणाम नाही. पानं कडेनं लाल-पिवळी होऊन वाटीसारखी वळत असतील तर ते तुडतुड्यांचं काम आहे, बी बनावट आहे असं त्यावरून ठरवू नका. उलट काही हायब्रीड तुडतुड्यांना फार लवकर बळी पडतात, पानाला लव कमी असते त्यांच्या, आणि हा गुण पण बीटीचा नाही, हायब्रीडचाच.

आता सरकी. आधी अफवा निकालात काढू, ती उगवते. हायब्रीडची पण उगवते, बीटीची पण उगवते. उगवूच नये असं बी बनवायची एक पद्धत अमेरिकेत पेटंट झाली होती, १९९८ साली, लोक तिला टर्मिनेटर म्हणायचे, प्रचंड गदारोळ झाला आणि ती कधीच बाजारात आली नाही. पण तो शब्द मात्र राहिला लोकांच्या तोंडी. तुमची सरकी उगवली नाहीच तर कारण साधं असेल, जिनिंगमध्ये दाणा फुटला असेल किंवा ओल लागली असेल. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठ-दहा दिवस ठेवा, किती मोड येतात ते कळेल.

प्रश्न उगवण्याचा नाहीये, प्रश्न उगवतं काय याचा आहे.

तुम्ही म्हणता "चांगल्या झाडांची" सरकी वेगळी काढली. सरळ वाणात हे अगदी बरोबर आहे, आपल्या आज्या-पणज्या असंच बी धरत आल्या आणि वाण सुधारत आला. पण एफ-१ च्या शेतात सगळी झाडं आतून एकच असतात, मघाशी म्हटलं ते. मग एक झाड चांगलं का आलं, तर त्याच्या बुडाशी शेणखत जास्त पडलं असेल, दोन झाडांत अंतर जास्त राहिलं असेल, ड्रिपर जवळ असेल. तो चांगुलपणा जागेचा होता, बियात उतरत नाही. त्या झाडाची सरकी आणि बाजूच्या खुरट्या झाडाची सरकी, बी म्हणून दोन्ही सारखीच.

आणि त्या सरकीत होतं काय ते आकड्यात बघू, थोडंच आहे. तुमच्या शेतातल्या प्रत्येक झाडाला बीटी जीन एकाच पालकाकडून आलाय असं धरा, दुसऱ्याकडून रिकामी जागा. आता हे झाड स्वतःवर फळलं (कपाशी बऱ्यापैकी स्वतःवरच फळते) की प्रत्येक दाण्याला दोन्ही बाजूंनी जीन किंवा रिकामी जागा यापैकी काहीतरी मिळणार, नाणं दोनदा उडवल्यासारखं. चारातल्या एका दाण्याला दोन्हीकडून रिकामी जागा. म्हणजे शंभर झाडांत साधारण पंचवीस झाडं बीटी नसलेली, आणि ती शेतभर विखुरलेली, ओळखू येणार नाहीत असल्या पद्धतीनं.

सध्याच्या बीटीत बहुधा दोन जीन असतात, क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी, आणि दोन्ही आपापले स्वतंत्र वाटले जातात. तेव्हा हिशोब सोळाचा होतो: सोळा दाण्यांत नऊला दोन्ही जीन, तिघांना फक्त पहिला, तिघांना फक्त दुसरा आणि एकाला काहीच नाही. शंभर झाडं धरली तर छप्पन्न पूर्ण संरक्षणाची, अडतीस अर्ध्या आणि सहा उघडी. ऐकायला हे पंचवीसपेक्षा बरं वाटतं पण ती अडतीस जास्त त्रासदायक, कारण पुढं सांगते ते बघा.

बीटी सोडून बाकी सगळे गुण पण असेच फुटतात. काही झाडं कमरेएवढी, काही डोक्याएवढी, काही लवकर फुटणारी, काही उशिरा. वेचणी कधी धरायची तेच कळत नाही, धाग्याची लांबी एकाच गाठोड्यात वेगवेगळी. आणि जो जोम मुळात आईबाप वेगळे असल्यामुळे आला होता तो पुढच्या पिढीत ढोबळ मानानं निम्मा राहतो. म्हणून माझं मत विचाराल तर ती सरकी पेरू नका, जनावरांना घाला नाहीतर विका. बी धरायचीच हौस असेल, आणि ती चांगली हौस आहे, तर सरळ वाण घ्या आणि त्याचं धरा.

तिसरी अडचण म्हणजे अळीच. अर्ध्या संरक्षणाच्या झाडावर अळीला एकाच प्रोटीनशी सामना करावा लागतो. त्यातून ज्या जगतात त्या त्या प्रोटीनला तोंड देऊ शकणाऱ्या असतात, त्यांची पिल्लं तशीच, आणि काही वर्षांत प्रोटीनच बाद. गुलाबी बोंडअळीचं हेच झालं, क्राय-१-एसी ला ती दाद देत नाही हे गुजरातमधून २०१० साली जाहीर झालं आणि पुढच्या काही वर्षांत दुसरा जीन पण तिच्यापुढं निकामी झाला. आज हिरव्या बोंडअळीवर बीटी काम करतं पण गुलाबीसाठी नुसतं बीटीच्या भरवशावर बसलात तर फसाल, तिला कामगंध सापळे लावून पाळत ठेवावी लागते आणि पीक वेळेत काढून पऱ्हाट्या शेतातून हलवाव्या लागतात.

यात हायब्रीडचाही हात आहे असं बरेच किडींचे अभ्यासक म्हणतात आणि मला ते पटतं. बघा ना, वरचा सोळाचा हिशोब फक्त पुढच्या वर्षीच्या शेतात नाही, तो यंदाच्याच बोंडाच्या आत चाललेला असतो. झाड बीटी आहे पण त्याच्या बोंडातले दाणे ही पुढची पिढी, त्यात काही दाण्यांना दोन्ही जीन, काहींना एक, काहींना शून्य. गुलाबी अळी बोंडात शिरून दाणेच खाते. म्हणजे तिला ताटात विषारी, कमी विषारी आणि बिनविषारी असे सगळे पदार्थ एकत्र वाढलेले. अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटी कपाशी सरळ वाणात आहे, तिथं बोंडातले सगळे दाणे बीटीच असतात, हा घोळ नाही.

मात्र चीनमध्ये एक उलटी गोष्ट घडली ती पण सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकाच बाजूनं बोलल्यासारखं होईल. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी स्वस्त पडतं म्हणून बीटी हायब्रीडची दुसरी पिढी मोठ्या प्रमाणावर लावली. तिथं एकाच जीनचं बीटी होतं, त्यामुळे चारातलं एक झाड पूर्ण उघडं. त्या उघड्या झाडांवर साध्या, प्रोटीननं मरणाऱ्या अळ्या वाढत राहिल्या, त्यांचे पतंग दाद न देणाऱ्या पतंगांशी मिसळले आणि गुलाबी अळीची वाढत चाललेली प्रतिकारशक्ती उलट खाली आली. २०१७ साली हे अभ्यासातून छापून आलं. पण तिथं झाड एकतर बीटी होतं नाहीतर नव्हतं. तुमच्या सरकीत अडतीस झाडं मधल्यामधली निघणार, त्यामुळे तो दाखला देऊन ती पेरता येत नाही.

बीटी पाकिटासोबत बिगर बीटी बी देतात ते अशा साध्या अळ्या टिकून राहाव्यात यासाठीच. कधी छोटं वेगळं पाकीट असतं, कधी मोठ्या पाकिटातच मिसळलेलं. वेगळं असेल तर ते बांधाच्या कडेनं चारी बाजूंनी लावायचं. लोक ते फेकून देतात, कारण त्यावर अळी पडणार हे दिसतं. पडणारच, पडावी म्हणूनच दिलंय.

आता टोमॅटो. दुकानातलं हायब्रीड टोमॅटो, मिरची, काकडी हे हायब्रीड असतं, जीएम नाही. टोमॅटोत नख-चिमट्यानं पुंकेसर काढून, पराग लावून केलेलं तसंच काम. जीएम टोमॅटो जगात आला होता, १९९४ साली अमेरिकेत, लवकर मऊ न पडणारा म्हणून, चालला नाही आणि काही वर्षांत गेला. तेव्हा एखादा टोमॅटो जाड सालीचा, टिकाऊ आणि बेचव लागला म्हणून तो जीएम होत नाही, वाहतुकीला टिकावा म्हणून तशी निवड केलेलं साधं हायब्रीड असतं ते. जगात जीएम मोठ्या प्रमाणावर आहे ते सोयाबीन, मका, कपाशी आणि कॅनोला या चार पिकांत, बाकी पपई, वांगं अशी थोडी. त्यातही ज्या-त्या देशात कशाला मंजुरी आहे तेवढंच कायद्यानं दुकानात असायला हवं, भारतात लागवडीला आहे ती कपाशीच.

आणि नुसतं जीएम पण हायब्रीड नाही असं काय असतं? बांगलादेशचं बीटी वांगं. २०१४ पासून तिथं शेतकऱ्यांना दिलेलं, तिथल्याच सरळ वाणांत जीन घालून केलेलं. त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तेच वांगं येतं, बीटीसकट. म्हणजे "जीएम घेतलं की दर वर्षी बी विकत घ्यावं लागतं" हे वाक्य बियाच्या बाबतीत खोटं आहे. दर वर्षी विकत घ्यायला लावतं ते हायब्रीड. जीएमच्या बाबतीत अडवतो तो कायदा किंवा करार, आणि तो देशागणिक वेगळा. अमेरिकेत जीएम सोयाबीन सरळ वाण आहे, धरलेलं बी मस्त उगवतं, पण पेटंट चालू असेतो ते पेरायला बंदी. एका शेतकऱ्यानं धान्याच्या कोठारातून घेतलेलं सोयाबीन पेरलं तर प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१३ ला तो हरला. भारतात २००१ चा कायदा शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवायची, पेरायची, अदलाबदल करायची मोकळीक देतो, फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही.

दुकानात विचारायचं ते एवढंच: हे हायब्रीड आहे की सरळ वाण, आणि यात बीटी आहे का, असेल तर कुठले जीन. दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा, एकाचं उत्तर दुसऱ्यात घेऊ नका. मग तेच पाकिटावर वाचा. तिसरा प्रश्न दुकानदाराच्या बोलण्यावरून विचारायचा, म्हणजे तो "तणाला चालतं" किंवा "तणनाशक मारलं तरी काही होत नाही" असं म्हणाला तर. तो वेगळाच जीन आहे, बीटीशी संबंध नाही. बीटी कपाशीवर ग्लायफोसेट मारलं तर तणाबरोबर कपाशी पण जाते, आणि "जीएम आहे ना, चालतं" असं ऐकून अख्खं शेत जाळून घेतलेले लोक आहेत. भारतात असल्या तण-सहनशील कपाशीला मंजुरी नाही, तरी ती छुप्या रीतीनं विकली जाते, विनालेबल पाकिटात किंवा साध्या पिशवीत, बिलाशिवाय. तिच्यात बीटी आहे की नाही, असेल तर कोणतं, कोणत्या पिढीचं बी आहे, काहीच सांगता येत नाही, आणि उगवलं नाही तर तक्रार कुणाकडं करणार?

नजरेनं दाणा बघून बीटी ओळखता येत नाही, रोप बघूनही नाही. सरकीला गुलाबी-निळा रंग दिसतो ती बुरशीनाशकाची लेप प्रक्रिया, कुणीही लावू शकतं. शंका असेल तर पट्टीची टेस्ट मिळते, बीटी स्ट्रिप म्हणतात. कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत घ्यायचा, सोबत दिलेलं द्रावण टाकून काडीनं कुस्करायचा, पट्टीचं टोक बुडवून पाच-दहा मिनिटं थांबायचं. वरची रेघ उमटली म्हणजे पट्टी चालू आहे, तिच्यासोबत खालची पण उमटली तर ते प्रोटीन पानात आहे. वरचीच नाही आली तर टेस्ट वाया, दुसरी पट्टी घ्या. कुठल्या प्रोटीनची पट्टी आहे ते बघून घ्या, क्राय-१-एसी ची पट्टी क्राय-२-एबी बद्दल काही सांगत नाही. आणि एका झाडावर निकाल देऊ नका, शेताच्या वेगवेगळ्या भागांतली वीस तरी झाडं तपासा. विसातली चार-पाच कोरी निघाली तर ते बी बहुधा दुसऱ्या पिढीचं आहे किंवा भेसळीचं. एखाद-दुसरं कोरं निघालं तर आधी पाकीट बघा, बिगर बीटी बी मिसळलेलं पाकीट असेल तर तेवढं असायचंच.

हे सगळं करायचं तर पुरावा हातात पाहिजे. पाकीट वरून फाडू नका, खालून कापा म्हणजे लॉट नंबर आणि तारीख शाबूत राहते, पेरताना मूठभर दाणे त्याच पाकिटात शिल्लक ठेवा आणि बिल त्यालाच टाचून ठेवा, बिलावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर लिहून घेतलाय ना ते दुकानातच बघा. उगवण कमी दिसली किंवा झाडं वेगवेगळ्या उंचीची यायला लागली तर तपासणीला येणारा माणूस पहिलं तेच मागतो, आणि पीक मोडून टाकायच्या आधी त्याला शेत दाखवावं लागतं.